ओटीतून परत गेलेले गहू

चूक माझी होती. फाइलची नाही, लॅपटॉपची नाही, पडद्याचीही नाही. मात्र त्या दिवशी मांडवात चारचौघांसमोर मी मशीनचं नाव सांगितलं, आणि पुढचे कितीतरी दिवस ते तसंच राहू दिलं.

मोताळ्याला बाजाराच्या रस्त्यावर माझं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. लग्नाचं शूटिंग हा मूळ धंदा. अलीकडे वाढदिवसाला, डोहाळजेवणाला, निवृत्तीच्या सत्कारालाही मागे मोठा एलईडी पडदा लावायची पद्धत आली आहे आणि पडद्यावर सतत काहीतरी हलतं हवं असतं. समई तेवत राहावी, फुलं डोलत राहावीत, नवरदेव हसत राहावा. चार-पाच सेकंदांचा तुकडा घ्यायचा आणि तो न अडखळता पुन्हा पुन्हा फिरेल असा करायचा. आम्ही त्याला लूप म्हणतो.

लूप करायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे तुकडा आधी सुलट आणि मग उलट चालवायचा. पुढे गेलेलं चित्र आल्या वाटेने मागे येतं, त्यामुळे शेवट आणि सुरुवात आपोआप जुळतात. वळणावर एकच फ्रेम दोनदा येते, तेवढी काढून टाकली की थांबल्याचा भासही होत नाही. समईची ज्योत उलटी हलते की सुलटी, हे कोणाला कळतं? झुलणाऱ्या तोरणालाही दिशा नसते. वर्षानुवर्षं मी हेच करत आलो होतो आणि लोक म्हणायचे, भाऊचं काम मोठं सफाईदार.

ती मुलगी आमच्याच गावची. तिचं लग्न मीच शूट केलं होतं. तिला वडनेर भोलजीला दिलं. लग्नानंतर वर्षभरात काविळीचं निमित्त होऊन तिची आई गेली. पुढे दोनदा मुलीला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत. गावात अशा गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात, मलाही होत्या. तिसऱ्या वेळी सातवा महिना लागला तेव्हा सासरच्यांनी डोहाळजेवण मोठं करायचं ठरवलं. तिचे वडील दुकानात आले आणि काउंटरवर हात टेकून उभे राहिले.

"भाऊ, पोरगी म्हणते, माही माय पाह्यजे तिथं. लग्नाच्या व्हिडिओत तिची माय ओटी भरून राह्यली ना, तेवढं मोठ्या पडद्यावर लावा. झोपाळ्याच्या मागं."

"लावू ना," मी म्हणालो. "दिवसभर चालू ठेवू."

"मायनंच ओटी भरल्यावानी होईल तिले," ते म्हणाले आणि लगेच बाहेर बघू लागले.

ते दृश्य माझ्या लक्षात होतं. बोळवणीची वेळ. आई ताटातून ओंजळभर गहू उचलते, मुलीच्या पदरात घालते, पुन्हा ताटाकडे वळते. असं पाच वेळा. शेवटच्या ओंजळीला तिचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळतो, आणि तिच्या डोळ्यांत पाणी असून ती हसते. मीच खांद्यावर कॅमेरा घेऊन ते टिपलं होतं.

लग्नसराईचे दिवस होते, तीन कामं अंगावर होती. मी शेवटच्या ओंजळीचा तुकडा कापला, त्याला उलटा तुकडा जोडला आणि फाइल काढली. तपासली नाही असं नाही. आमच्या धंद्यात तपासणं म्हणजे जोड तपासणं. झटका बसतो का, उजेड बदलतो का, चित्र थबकतं का. मी कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीत जोडाची जागा तीन-चारदा पाहिली. कुठेच झटका नव्हता. चित्रात काय होतंय, ते पाहिलंच नाही.

मांडव भरला होता. मुलगी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली होती आणि तिच्या मागे माणसाहून मोठी तिची आई. मुलीने एकदा मान वळवून वर पाहिलं आणि डोळे पुसले. बाया कौतुकाने बोलत होत्या. मी लॅपटॉपजवळ उभा राहून, खरं सांगायचं तर, खूश होतो.

मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "काव, हे माय ओटी भरून राह्यली का काढून राह्यली?"

शेजारीण म्हणाली, "भरूनच राह्यली, आत्याबाई. चष्मा लावा."

"चष्मा हाये माह्या डोयावर. तूच पाह्य."

मीही पाहिलं. आईच्या ओंजळीतून गहू पदरात पडले. मग तेच गहू पदरातून वर उठले, आईच्या ओंजळीत गोळा झाले आणि भरलेली ओंजळ मागे जाऊन ताटात रिकामी झाली. पुन्हा पडले, पुन्हा उठले. आई हसत होती. हसत हसत लेकीच्या ओटीतून गहू काढून नेत होती.

एकेक करून बाया पडद्याकडे निरखून बघू लागल्या. मुलीने मागे वळून बघितलं आणि या वेळी तिने मान लवकर फिरवली नाही. तिचा हात पोटावर गेला. सासू माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "बंद करा ते."

मी बंद केलं. तिचे वडील जवळ आले. "काऊन असं झालं, भाऊ?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आपोआप उलटी चालली फाइल. मशीनचं काही सांगता येत नाही."

मला वाटलं, सुटलो. मशीनवर कोणी रागावत नाही.

दुकानात आता कोणतंही काम करताना माझं लक्ष लागेना. कोणाच्या वाढदिवसाचा लूप करताना मूल केक खाताना दिसे आणि मी मनात ते उलटं चालवून बघत असे. घास तोंडातून बाहेर येई. बायको म्हणाली, "जेवताना ताटाकडे काय पाहता असे?" मी घास उचलला. वडनेरहून कोणी गिऱ्हाईक आलं की वाटे, हा काही वाईट बातमी तर आणत नाही ना? पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मुलगी मोताळ्याला आल्याचं कळलं, तेव्हापासून मी त्यांच्या आळीतून जायचं टाळू लागलो. लांबून फिरून जायचो.

आठवडी बाजारात तिच्या वडिलांनी मला गाठलंच. पिशवीत मेथी होती. त्यांनी जवळ येऊन आवाज खाली केला.

"भाऊ, एक विचारू? मशीन असं कधी आपोआप करते का?"

"काऊन?"

"पोरगी म्हणते, कोणी केलं असतं तं गोष्ट येगळी. पण आपोआप झालं म्हणजे मायनंच सांगतलं, हेबी नाही राह्यत म्हणून. मायचा फोटो भिंतीवरून काढाले लावला तिनं. जेवत नाही धड. डॉक्टर म्हणते सगळं बराबर हाये, तरी ऐकत नाही."

मी त्यांच्या पिशवीकडे बघत राहिलो. मशीनचं नाव सांगून मी स्वतःला वाचवलं होतं. पण मशीनला मन नसतं, म्हणून त्या पोरीने त्यात आईचं मन घातलं होतं. माझ्या 'आपोआप' या एका शब्दाने आई तिच्यापासून दुरावली होती.

"मी येतो घरी," मी म्हणालो.

जायच्या आधी लूप नीट केला. या वेळी उलटं काहीच चालवलं नाही. पाच ओंजळींपैकी दुसरी आणि तिसरी घेतली. दुसऱ्या वेळी भरलेली ओंजळ ताटातून उठते ती फ्रेम सुरुवातीला, आणि तिसऱ्या वेळी ती त्याच जागी येते, त्याच्या एक फ्रेम अलीकडे शेवट. हात फिरून तिथेच येतो, म्हणून चित्रही फिरून तिथेच येतं. माझा खांदा हलला होता, ते हलणं आधी स्थिर करून घेतलं. तरी जोडावर आईची मान किंचित उडत होती. मग तुकडा मधोमध कापून दोन भागांची अदलाबदल केली. त्यामुळे मूळ व्हिडिओत सलग असलेल्या फ्रेमा आता लूपच्या दोन टोकांना आल्या, आणि अडचणीचा जोड मध्ये आला. तिथे एक चित्र विरघळून दुसरं येईल असं केलं. एक गोष्ट उरली. दरवेळी जोडावर पदरातली रास जराशी कमी दिसायची. ती मला सहन होईना. म्हणून चौकट वर सरकवली. पदर बाहेर गेला, आई आणि तिची ओंजळ राहिली. मग सबंध लूप पडदाभर करून, जोड सोडून, नुसता आईकडे बघत बसलो.

दुपारी गेलो. मुलगी ओसरीत चटईवर बसली होती. लॅपटॉप बघताच म्हणाली, "काका, ते नका दाखवू मले."

"ते नाही दाखवत. आधी तू एक कर. या तांब्यातून पेल्यात पाणी ओत."

तिने नाइलाजाने ओतलं. मी मोबाइलवर ते टिपलं, लॅपटॉपवर घेतलं आणि तिच्यासमोर एकेक गोष्ट केली. हा तुकडा. ही त्याची प्रत. ही प्रत उलटी चालव, असं मी इथे निवडतो. आता दोन्ही जोडतो. पडद्यावर तिचंच पाणी पेल्यातून उठून तांब्यात शिरलं.

तिने दोनदा पाहिलं. "हे तुम्ही आता केलं."

"हाव."

"तुम्ही नसतं निवडलं, तं झालं असतं?"

"नाही. आपोआप होत नाही कधी."

तिने पेला बाजूला सरकवला. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता, तिचे वडील ऐकत असावेत.

"मंग त्या दिवशी माह्या मायनं काही केलं नव्हतं."

"तिनं फक्त ओटी भरली होती. पाच वेळा. माझ्या कॅमेऱ्यात तेवढंच आहे."

"आन तुम्ही सगळ्यायसमोर मशीन म्हणले." तिचा आवाज आता चढला होता. "मी किती दिवस तिच्या फोटोकडं पाह्यलं नाही, काका. मेलेल्या मायवर राग धरला मी."

मी जे तयार करून नेलं होतं, घाईचे दिवस, तीन कामं, ते सगळं तोंडाशी आलं. ते गिळलं. नीट केलेला लूपही उघडला नाही. तिच्या समोर, चटईच्या कडेला मी खाली बसलो.

"पोरी, तो लूप मी केला. न पाहता केला. आन मंग भ्यालो म्हणून खोटं बोललो. तुह्या मायच्या हातून जे झालं नाही ते मी तिच्या हातून करवलं. मले माफ कर."