मांजरीचं पथ्य आणि चित्राहुती

मांजरीने मान खाजवून खाजवून सोलून काढली होती आणि दिवसाआड ती गालिच्यावर ओकत होती. पिसवांचं औषध झालं, जंतांचं झालं, काही उपयोग नाही. मग डॉक्टरीणबाईंना खाण्यातल्या ॲलर्जीची शंका आली आणि त्यांनी पथ्य सांगितलं. एका खास खाण्याच्या गोळ्या आणायच्या. त्यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की अंगाला ती ओळखूच येत नाहीत. आठ आठवडे तेच आणि पाणी. "दुसरा एक कणही तोंडात गेला तर पहिल्यापासून सुरू," त्या म्हणाल्या. जमलं नाही तर कायमच्या स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि त्याने मांजरांना मधुमेह होऊ शकतो.

मी घरात सगळ्यांना बजावलं. कामवाल्या बाईंना, शेजारच्या काकूंना, सासऱ्यांना तर दोनदा. सहा आठवडे झाले. ओकणं कमी झालं, पण खाज जशीच्या तशी. मी डॉक्टरांवर चिडले, गोळ्यांवर चिडले, मांजरीवरही चिडले.

एका संध्याकाळी ताक द्यायला गेले तर सासरे जेवत होते. त्यांचं संध्याकाळचं जेवण म्हणजे दूधभात. ताटाशेजारी जेवणाआधी काढलेल्या चित्राहुतीचे, दूधभाताचेच पाच छोटे गोळे ठेवलेले, आणि मांजर ते चाटूनपुसून साफ करत होती.

"बाबा! तिला काही द्यायचं नाही म्हटलं होतं ना?"

"मी कुठे दिलं? ते देवाचं असतं. ती आपली उचलते."

मी कपाळावर हात मारून घेतला. सहा आठवडे पाण्यात!

पुन्हा पहिला दिवस. या वेळी त्यांचं जेवण होऊन फरशी पुसेपर्यंत मी मांजरीला बेडरूममध्ये कोंडत होते. सासरे माझ्याशी मोजकंच बोलत होते. पण आठव्या आठवड्यापर्यंत मानेवर मऊ केस आले, ओकणं थांबलं. तरी खात्री करायला एकेक जुना पदार्थ परत देऊन पाहायचा होता. दोन आठवडे कोंबडी दिली, काही झालं नाही. मग दूध.

"ते मी देतो," सासरे म्हणाले. "दुधाने कुणाला काही होत नाही, हे बघच तू."

तिसऱ्या दिवशी ती ओकली. पाचव्या दिवशी मानेतून रक्त आलं. आता यांना चांगलं सुनवायचं, असं ठरवूनच मी गेले. ते खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते.

"इतके दिवस मीच तिला खाजवायला लावत होतो," ते म्हणाले.

मी तिच्या मानेवरचं रक्त पुसायला घेतलं.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच तिला उचलून बेडरूममध्ये ठेवलं आणि दाराला कडी लावली. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या जेवणाला सोबत होती ती हिचीच. ती आतून दार ओरबाडत होती. त्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"आवर जरा भराभर," ते म्हणाले. "तिला लवकर बाहेर काढायचंय."

ताटातला भात तसाच होता.