तीन तासांची तूट

हे मी चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. घरातल्यांनाही अर्धंच माहीत आहे. सांगायची वेळ आली की मी विषय पावसावर नेतो, आणि आमच्या मावळात पावसावर बोलायला माणसं कायम तयार असतात. आता सत्तरी उलटून गेली, तेव्हा लिहूनच टाकतो.

देहूरोडच्या डेपोत मी भांडारात नोकरी केली. काम एकच, वहीत जेवढं तेवढं रॅकवर आहे का ते बघणं. वहीत नऊ आणि रॅकवर सहा असतील तर तीन कुणीतरी नेले, हे धरूनच चौकशी सुरू व्हायची. माल झिजतो, सांडतो, हवेत उडतो, असली कारणं आम्ही ऐकून घेत नसू. निवृत्त होऊन कार्ल्याजवळच्या गावी परत आलो तेव्हा वही डेपोत राहिली, सवय माझ्याबरोबर आली.

सूनबाईचं काम घरून सुरू झालं, तेव्हा इन्व्हर्टरचा विषय निघाला. आमच्याकडे वीज जाते ती तास-अर्ध्या तासासाठी नाही. वारा सुटला, घाटाकडे झाड तारांवर पडलं की सकाळी गेलेली लाइट संध्याकाळी येते. गुरुवारी दुरुस्तीसाठी बंद असते ती वेगळीच. सूनबाई म्हणाली, "बाबा, पंखा नसला तर चालेल, पण राउटर बंद पडला की माझी गैरहजेरी लागते."

गावात या कामातला जाणकार एकच होता. बौद्धवस्तीतला, पंचेचाळिशीचा, आयटीआय केलेला, तळेगावच्या कारखान्यात काही वर्षं काढून आलेला. लोणावळ्याचं एक बॅटरीचं दुकान त्याला जोडणीची कामं देत असे. त्याला बोलावलं. त्याने आधी घरभर हिंडून पंख्यांवरचे, दिव्यांवरचे आकडे वाचले, मग पडवीत बसून एका पाकिटाच्या पाठीवर बेरीज केली.

"दोन पंखे जुने हाईत, पंच्याहत्तर-पंच्याहत्तर वॅटचे. झाले दीडशे. नऊ-नऊचे चार दिवे, छत्तीस. राउटर आन् त्यो फायबरचा डबा, चौदा. समदे मिळून दोनशे, आबा."

"आणि बॅटरी?"

"दीडशे अँपिअर-अवरची एक. सा तास चालंल."

मी मनात हिशेब केलाच होता. बॅटरी बारा व्होल्टची. बारा गुणिले दीडशे, अठराशे. त्याला दोनशेनं भागलं की नऊ. मी म्हणालो, "नऊ येतात की रे. तीन तास कुठं गेले?"

तो हसला. "डब्यावर लिवलंय त्ये समदं वापरायचं नसतं, आबा. पाचवा हिस्सा तळाला ठेवायचा. उरल्यातलं थोडं इन्व्हर्टर सोताच खातो. खाली ऱ्हातं त्ये साच तासांचं."

"इन्व्हर्टर खातो?"

"गरम होतो नव्हं त्यो? त्ये काय फुकट व्हतं व्हय?"

मग म्हणाला, बॅटरी मोठी घेण्यापेक्षा पंखे बदला, हल्ली तीस वॅटचे मिळतात. लोड निम्म्यावर आला की हीच बॅटरी दहा-अकरा तास ओढेल. मला वाटलं, पंखेही हाच विकणार. पंखे मी बदलले नाहीत.

त्याच दुकानाची बॅटरी त्याने आणून बसवली, त्या दिवशी जाताना तो दोन गोष्टी बजावून गेला. "इन्व्हर्टरची पिपाणी वाजाया लागली की पंखे बंद करा, राउटर तेवढा चालू द्या. बॅटरी तळाला न्यायाची न्हाई. आन् तिच्यातलं पानी म्या येऊन बघत जाईन." मी मान डोलावली. मनात तीन तासांचाच घोळ होता.

पुढच्या रविवारी मी चाचणी घेतली. लाइट असताना मेन स्विच पाडला, दोन्ही पंखे, चारही दिवे चालू ठेवले, आणि घड्याळ समोर घेऊन वही उघडली. बायको म्हणाली, "लाइट असताना लाइट घालवून बसणारे साऱ्या मावळात तुम्ही एकटेच." सहा तास दहा मिनिटं भरली.

म्हणजे तो म्हणाला तेवढीच. दुसऱ्या कुणी तिथंच वही मिटली असती. मी उलटं धरलं. याला आधीच नेमकं सहा कसं माहीत? ज्याला तुटीचा आकडा आधी ठाऊक असतो, त्याचा तुटीत हात असतो, हे मी डेपोत शिकलो होतो. मला वाटायला लागलं, जुनी बॅटरी नवं स्टिकर लावून दिली असणार.

मग दर रविवारी चाचणी. पिपाणी वाजली तरी पंखे बंद करायचो नाही. इन्व्हर्टर आपोआप बंद पडला की बटण दाबून पुन्हा चालू करायचो, उरलेली चार मिनिटंही वहीत यायला हवीत म्हणून. बॅटरी पुरती भरायच्या आत सोमवारी खरीच लाइट जायची आणि अर्धी भरलेली ती पुन्हा तळाला. पाणी बघायला तो दोनदा आला, तेव्हा मी फाटकातूनच "ठीक आहे, ठीक आहे" म्हणून परत पाठवला. संशयिताला मालाजवळ येऊ द्यायचं नाही, हाही डेपोतलाच धडा. वहीत आकडे उतरत गेले. पाच चाळीस. पाच. सव्वाचार. प्रत्येक आकड्याला माझी खात्री वाढत होती.

लिहायला जड जातं, पण लिहितो. बॅटरी आमच्या भावकीतल्या कुणी बसवली असती तर मी पहिल्या रविवारीच थांबलो असतो. हे मला त्या वेळीही माहीत होतं.

त्याच सुमारास गावातल्या अभ्यासिकेसाठी इन्व्हर्टर घ्यायचं ठरलं. तिथं स्पर्धा परीक्षांची मुलंमुली दिवसभर बसतात. चार पंखे, सहा ट्यूब, एक राउटर. त्याने सुचवलं, दीडशेच्या दोन बॅटऱ्या आणि चार तीस वॅटचे पंखे, म्हणजे नऊ तास निघतील. या कामाला त्याच्या लेखी मोल होतं. कार्ल्याच्या बाजूला ज्यांनी पर्यटकांसाठी खोल्या काढल्यात, ती पाच-सहा घरं अभ्यासिकेचं काम बघून त्यालाच बोलावणार होती. हे त्यानेच मला मोठ्या आनंदानं सांगितलं होतं.

बैठकीत मी वही घेऊन गेलो आणि तारखेवार आकडे वाचून दाखवले.

कुणीतरी म्हणालं, "सहाचे चार झाले? आबा, हितं पोरं बसणार हाईत."

तो भिंतीला टेकून उभा होता. त्याने एकच विचारलं, "आबा, रिकामी करू करू मोजताय व्हय?"

"मोजायचंच नाही का मग?"

"मोजा. पर दर वक्ताला तळ गाठला तर ती मरंल, म्या सांगितलं व्हतं."

"आता बॅटरीचा दोष माझ्यावर!" मी म्हणालो. लोक हसले. काम बाहेरच्या एकाला गेलं, ज्याने एकाच बॅटरीवर "नऊ तासांना मरण नाही" असं सांगितलं आणि जुने पंखे तसेच ठेवले. ती अडीच तासांत बसायची. मुलं पायरीवर पुस्तकं घेऊन बसलेली मी बघितली, आणि तरीही मला तेव्हा वाटलं की सगळेच बॅटरीवाले चोर.

माझी बॅटरी तीन तासांवर आली तेव्हा मी ती गाडीत घालून लोणावळ्याला दुकानात नेली. वॉरंटी शिल्लक होती. काउंटरवरच्या माणसाने आधी नंबर बघितला. स्टिकरवरचा नव्हे, झाकणावर ठोकलेला. माझ्या कार्डाशी जुळवला. "आमचीच आहे काका. तुम्हाला दिली त्याच्या आधी महिनाभर बनलेली."

मग त्याने झाकणं काढली, काचेची नळी घालून प्रत्येक खान्यातलं आम्ल वर ओढून बघितलं. नळीतला तरंगता काटा सगळीकडे तळाशीच, म्हणजे आम्लात जोर उरलाच नव्हता. "पाणी पण उतरलंय. आणि ही कुणीतरी पुन्हा पुन्हा पार रिकामी केलीय. तशीच अर्धवट ठेवलीय. अशाने प्लेटांवर थर बसतो, मग ती भरतच नाही."

वही माझ्या खिशात होती. वीस रविवार, माझ्याच अक्षरात.

त्याने एक फॉर्म पुढे ओढला. "बसवणाऱ्याची चूक असेल तर बदलून देता येईल, काका. त्याने सांगितलं नव्हतं? तळाला नेऊ नका म्हणून? पाण्याला आला नाही तो कधी?"

मी एक शब्द बोललो. "नाही."

त्याने तेच लिहिलं. मी सही केली. डेपोत पस्तीस वर्षांत मी खोट्या कागदावर सही केली नव्हती. आठवड्याने दुकानाने मला नवी बॅटरी दिली. बॅटरी बसवणाऱ्याला कामं देणं बंद केलं. हे मला त्यांनी सांगितलं नाही, गावात कळलं.

आता तो बेगडेवाडीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये जळालेल्या विजेच्या मोटारींच्या तारा नव्याने गुंडाळतो. मळवलीहून सकाळची लोकल पकडतो. त्याने कुणाकडे माझ्याबद्दल वाईट बोलल्याचं मी ऐकलं नाही. बराच काळ मला त्याचाही संशय येत होता, हा गप्प का म्हणून.

मी पंखे बदलले. नवी बॅटरी अकरा तास चालली, तो म्हणाला होता तेवढीच. दहाव्या तासाला मी उठून पंख्याखालून निघून ओट्यावर जाऊन बसलो.

गेल्या वर्षी एका रविवारी त्याच्या घरी गेलो. वाक्य जुळवून ठेवलं होतं. त्याने खुर्ची पुढे केली, बायकोला चहा सांगितला. "बोला आबा."

मी म्हणालो, "बॅटरीचं पाणी बघायचं होतं."

तो लगेच उठला. डिस्टिल्ड वॉटरचा डबा घेऊन माझ्याबरोबर चालत आला. सहाही झाकणं उघडली, एकेका खान्यात खुणेपर्यंत पाणी घातलं, अंगठ्याने कडा पुसल्या. वर छताकडे बघून म्हणाला, "पंखे बदलले की!"

"बदलले."

"ब्येस केलं." डब्याचं झाकण लावताना त्याने हसून विचारलं, "वही हाय का अजून?"

वही मागच्या कपाटात होती. मी म्हणालो, "फेकली कधीच."

तो फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी दारात उभा होतो. म्हणायचं होतं ते एवढंच, की तू सांगितलं होतंस, पाणी बघायला दोनदा आलास, मी तुला फाटकातून परत पाठवलं आणि दुकानात विचारलं तेव्हा नाही म्हणालो. तो वळणावर पोचला तेव्हा मी हाक मारली. तो थांबला, मागे वळला.

"लोकलनं सांभाळून जा," मी म्हणालो. त्या दिवशी रविवार होता, त्याला कुठं जायचंच नव्हतं.