बँकेतला वाढदिवस

बँकेच्या लेखी मी माझ्या लेकीएवढी होते. खातं उघडलं तेव्हा ती शाळेत होती. नॉमिनी म्हणून तिचंच नाव लावायचं, हा यांचा हट्ट. नॉमिनी अठरा वर्षांखालचा असला की त्याची जन्मतारीख लिहावी लागते, म्हणून तिची लिहिली. पुढे बँकेत कॉम्प्युटर आले आणि कोण्या महाभागाने तीच तारीख माझ्या नावापुढे चढवली.

लेक कॉलेजात असताना तापाने गेली. वर्षभराने तिच्या वाढदिवशी फोनवर बँकेचा मेसेज आला, 'प्रिय ग्राहक, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' मी रागाने फोन पलंगावर फेकला. दुसऱ्या वर्षापासून मात्र त्या मेसेजची वाट पाहू लागले. नातेवाईक विसरले, तिच्या मैत्रिणी संसाराला लागल्या. बँक तेवढी विसरत नव्हती. हे कितीदा म्हणाले, तारीख नीट करून घे. मी आज-उद्या करत राहिले.

यंदा केवायसीची मुदत संपली. आधार-पॅनवर माझी तारीख, बँकेत तिची. खात्यातून पैसे काढणं बंद झालं. पेन्शन जमा व्हायची, पण हातात यायची नाही. यांच्या गोळ्याही त्याच पैशांतून येतात. नाक दाबलं की तोंड उघडतं, दुसरं काय! यांनीच शाखा व्यवस्थापकांच्या नावे अर्ज लिहिला आणि आम्ही सीताबर्डीच्या शाखेत गेलो.

काउंटरवरच्या मुलीने आधार आणि पॅनच्या झेरॉक्सवर माझ्या सह्या घेतल्या, झेरॉक्स अस्सल कार्डांशी ताडून पाहिल्या.

"काकू, अर्जावर सही राहिली तुमची."

पेन माझ्या हातातच होता.

"काहून थांबली वं?" हे हळूच म्हणाले. "सही कर. मलेही कळते."

मी त्या मुलीला विचारलं, "तारीख बदलली की जुन्या तारखेचा मेसेज येईल का हो?"

"नाही काकू, आता बरोबर तुमच्याच वाढदिवसाला येईल," ती हसून म्हणाली. तिला वाटलं, मी तक्रार करून राहिले. तिचा काय दोष? मला मात्र तिचा भयंकर राग आला, यांचा आला, स्वतःचा तर सगळ्यात जास्त. सही केली.

तिने बदल टाकला. आतल्या साहेबांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर मंजुरी दिली की झालं, म्हणाली. निघताना नॉमिनी बदलायचा फॉर्मही हातात ठेवला. तो मी घडी करून पर्समध्ये कोंबला.

दोन दिवसांनी खातं सुरू झालं. गोळ्या आल्या.

मग तिचा वाढदिवस आला. सकाळीच फोन चार्ज केला आणि स्वयंपाक करताना ओट्यावर ठेवला. येणार नाही हे माहीत होतं, तरी ठेवला. दुपारी तो वाजला तेव्हा हे जेवता जेवता थांबले.

लाइट बिलाचा मेसेज होता.