पाकीट बंदच होतं

दारू सोडून मला बरीच वर्षं झाली. लोक मला त्याबद्दल शाबासकी देतात. ती शाबासकी घेताना मी एक गोष्ट सांगायची टाळत आलो, ती आता लिहितो.

तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत मी वरिष्ठ सहायक होतो. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. सकाळी हात कापायचे म्हणून सही करायचं काम मी दुपारवर ढकलायचो. कचेरीत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं मला वाटायचं. शेवटी बायकोने पनवेलच्या पलीकडचं एक निवासी व्यसनमुक्ती केंद्र शोधलं. महिनाभर तिथे राहायचं, मोबाईल जमा करायचा, घरच्यांनी ठरलेल्या रविवारीच यायचं. मी एकच अट घातली. कचेरीत कुणाला कळता कामा नये. कळलं तर त्या खुर्चीवर परत बसणार नाही आणि मग दारूही सुटणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आधी मी खाजगी कारण लिहून अर्जित रजा मागितली. साहेबांनी मार्चअखेरचं काम दाखवून ती नाकारली. तसा त्यांना अधिकार होता. मग मी आस्थापनेच्या मॅडमकडे गेलो. रजेचं टेबल त्यांच्याकडे होतं. माझ्याहून वयाने लहान, कामात चोख. मी खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "भाऊ, वैद्यकीय कारणावर परिवर्तित रजा मागा. अर्धवेतनी रजा दुप्पट खर्ची पडेल, पण पगार पूर्ण मिळेल. डॉक्टरांचा दाखला बंद पाकिटात घाला, वर 'गोपनीय' लिहा आणि थेट साहेबांच्या हातात द्या."

"आणि आदेशात?"

"आदेशात फक्त 'वैद्यकीय कारणास्तव'. आजाराचं नाव लिहायचं नसतं. सेवापुस्तकातही तेवढंच येईल."

"दाखल्यावर केंद्राचं नाव छापलेलं असतं हो."

"म्हणून तर पाकीट. साहेब बघतील, परत चिकटवतील, मी गोपनीय कपाटात ठेवीन. आता जा आणि बरे होऊन या."

रजा मंजूर झाली. केंद्रातले पहिले दिवस फार वाईट गेले. त्यांचं वर्णन मी करणार नाही. महिना संपला तेव्हा मी दोन वेळा पोटभर जेवत होतो आणि स्थिर हाताने चहाचा कप धरत होतो. डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला घेऊन मी कामावर हजर झालो.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि लेखा शाखेतला एकजण ओरडला, "या, या! भाऊंना चहा द्या रे, साखर जास्त घाला. आता तेवढीच नशा!"

सगळे हसले. दुसरा म्हणाला, "तिथे म्हणे सकाळी उठवून योगा करायला लावतात. खरं काय?"

म्हणजे केंद्राचीही माहिती होती. कचेरीत ही गोष्ट दोघांनाच माहीत होती, साहेबांना आणि मॅडमना. साहेब बोलणार नाहीत हे मी गृहीत धरलं. का धरलं? ते साहेब होते, एवढंच.

मी मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि भर हॉलमध्ये बोललो. "विश्वासाने सांगितलं होतं तुम्हाला. बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे खरंच. माझी अब्रू घालवलीत तुम्ही चार लोकांत."

त्या उठून उभ्या राहिल्या. "मी कुणालाही काही सांगितलेलं नाही. पाकीट कपाटात आहे, बंदच आहे. बघायचं तर बघा."

मी बघितलं नाही. लेखी तक्रार दिली. चौकशी झाली नाही, पण साहेबांनी त्यांचं टेबल काढून त्यांना आवक-जावकला बसवलं आणि पुढच्या बदल्यांत त्या डोंगरातल्या आडवळणाच्या तालुक्यात गेल्या. घरी शाळेतली मुलगी होती, रोज एसटीने जाऊन-येऊन करायच्या. मला वाईट वाटलं नाही. फसवलेल्या माणसाला जी एक कोरडी मजबुती येते, ती माझ्यात आली होती. त्या रागावरच मी पहिलं वर्ष दारूशिवाय काढलं, हेही खरं आहे.

वर्ष झालं तेव्हा आई म्हणाली, "चल, देवीचा नारळ द्यायचा हाय."

काशीदच्या पुढे आमचं गाव, तिथलं ग्रामदैवत. मी विचारलं, "कसला नारळ?"

"तू तिकडं व्हतास तवा गाऱ्हानं घातलं व्हतं. गुरवाला सांगितलं, नीट सांग देवीला, माजा लेक दारू सोडाया पनवेलीकडं ठेवलाय, त्याला यश दे."

"मोठ्याने?"

आईला नवल वाटलं. "गाऱ्हानं कुनी मनात घालतंय व्हय? पंचवीस मान्सं व्हती. समद्यांनी हात जोडलं तुज्यासाठी."

त्या माणसांत आमच्या कचेरीचा शिपाई असणारच. तो गावात आमच्याच आळीतला.

आईने जगापासून लपवलं होतं. शेजारणीलासुद्धा सांगितलं नव्हतं. देवाला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं, हे तिच्या मनातही आलं नसेल. तरी त्या दिवशी मला वाटलं, घरातूनच घाव बसला. मी नारळ दिला आणि तिच्याशी आठवडाभर बोललो नाही. मॅडमना मात्र काहीच कळवलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, मग निवृत्ती आली, मग आई गेली.

मागच्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो, तर रांगेत त्या पुढे. केस पांढरे झालेले. त्यांनी ओळख दाखवली, तब्येत विचारली. बाहेर पडताना जिन्यावर मी सगळं सांगून टाकलं आणि हात जोडले.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ओरडलात हॉलमध्ये आणि माफी मागता जिन्यावर?"

मी जोडलेले हात खाली घेतले.

"पेन्शनरांची बैठक आहे पुढच्या महिन्यात. तेच लोक असतात. तिथे बोला. मी येईन."

मी बोललो. शाळेच्या वर्गात, बाकांवर आमचे सगळे जुने लोक. उभा राहून सांगितलं की मॅडमनी पाकीट उघडलं नव्हतं, बातमी देवळातून आली होती, मी खोटा आळ घेतला. त्या खिडकीजवळ बसून ऐकत होत्या.

माझं झाल्यावर लेखा शाखेतला तोच गृहस्थ हसून म्हणाला, "अहो, त्यात काय एवढं? देवळातून आली ते आम्हाला तेव्हाच माहीत होतं. शिपायाने दुसऱ्या दिवशीच सांगितलं होतं."

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"सगळ्यांनाच. साहेबांनासुद्धा. पण तुम्ही एवढे तापलेले, मध्ये कोण पडणार? आणि मॅडमचं टेबल मोकळं झालं, ते काही जणांना हवंच होतं." तो पुन्हा हसला, पण या वेळी बरोबर कुणी हसलं नाही.

मी मॅडमकडे पाहिलं. माझं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकलं होतं. आता त्यांचा चेहरा उतरला. एकट्या माझ्यावर त्यांनी इतकी वर्षं राग धरला होता. बाकीच्या लोकांच्या लग्नाकार्यांना त्या गेल्या होत्या, त्यांच्या घरी तिळगूळ दिला होता.

त्यांनी एकेकाकडे पाहिलं. कुणी चष्मा पुसू लागलं, कुणी चहा आला का म्हणून दाराकडे वळलं.

"माझी मुलगी तेव्हा आठवीत होती," त्या म्हणाल्या. एवढंच. मग पर्स उचलून बाहेर गेल्या.

मी मागे गेलो. फाटकाशी त्या थांबल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ, भाऊ. तुमचं झालं आज. माझं आत्ता सुरू झालंय."