ती म्हणाली, पांढरे केस शोभतात

माझं लग्न जमवायचं चाललं होतं तेव्हाची गोष्ट. एका स्थळाकडची मावशी म्हणाली, "केस किती छान आहेत हो मुलीचे." मी खूश होऊन मान खाली घातली, तर तिने माझी वेणी हातात घेऊन चांगला हिसका दिला. गंगावन लावलंय का बघत होती. केस माझेच निघाले, पण पुढे त्यांचा नकारच आला. तेव्हापासून कोणी छान म्हटलं की हिसका कधी बसतोय याची मी वाट बघते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायले.

त्यात नोकरी अशी मिळाली की हा स्वभाव पोसला गेला. उल्हासनगरात जीन्सच्या एका कारखान्यात मी धागा कटिंगच्या बायकांवर सुपरवायझर आहे. शिवून, धुऊन आलेल्या पँटींना जागोजागी धाग्यांची टोकं लोंबत असतात, ती छोट्या कात्रीने कापायचं हे काम. बायका चौदा. कोणाला हाफ डे द्यायचा आणि कोणाला नाही, हे शेठने माझ्यावर सोपवलं आहे. साहजिकच कारखान्यात माझ्याइतकी सुंदर बाई दुसरी नाही.

"मॅडम, आज साडी एकदम भारी हं," असं कोणी म्हणालं की मागोमाग येतंच, "चार वाजता निघू का? घरी पाहुणे आहेत." मग मी एक उत्तर ठरवून टाकलं. कोणी तोंड उघडलं रे उघडलं की विचारायचं, "हाफ डे की फुल डे?" बायका खो खो हसायच्या. ज्या बाईला विचारलं तीही हसायची आणि रजा मागून मोकळी व्हायची. मला कोणी हरभऱ्याच्या झाडावर चढवू शकत नाही, याचा मला अभिमान होता. आरशात बघण्यापेक्षा तो अभिमान सोपा होता, हे आता लिहिते आहे. तेव्हा कबूल केलं नसतं.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मी केस काळे करणं बंद केलं. कलपाने डोक्याला खाज सुटायला लागली होती, डॉक्टरांनी सक्त मनाई केली. सहा महिने डोक्याला रुमाल बांधून पांढरे वाढू दिले आणि शेवटी हिवाळ्यात एका रविवारी अंबरनाथला घराजवळच्या पार्लरमध्ये जाऊन रंगवलेले केस कापूनच टाकले. सोमवारी कामावर गेले ती बोटभर पांढरे केस घेऊन. रिक्षात बसल्यापासून हात सारखा डोक्याकडे जात होता. आत शिरल्यावर एकीने विचारलं, "मॅडम, तबियत ठीक है ना?" दुसरी नुसतीच बघत राहिली. मी कोणाला काही बोलू न देता माल वाटायला घेतला.

कोपऱ्यात एक नवी बाई बसायची. बदलापूरच्या पुढच्या एका गावातून यायची, येऊन दोन महिने झाले होते. कामाला चोख, तोंडाने गप्प. तिच्यासमोर पँटींचा गठ्ठा ठेवला तेव्हा तिने वर बघितलं आणि म्हणाली, "ताई, पांढरे केस शोभतात तुम्हाला. चेहरा मोकळा दिसतो."

क्षणभर मला फार बरं वाटलं. ते लपवायला घाईघाईने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "सकाळी सकाळीच? बोल, हाफ डे की फुल डे?"

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. तिचा चेहरा उतरला. "काय नाय ताई," एवढंच म्हणून तिने कात्री उचलली.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता माझ्या टेबलाशी आली आणि उभी राहिली. मी मनात म्हटलं, आलीच बघ. मुद्दाम हजेरीच्या वहीत डोकं घातलं. तिने मागावं आणि माझं खरं ठरावं, याची मी चक्क वाट बघत होते. ती थोडा वेळ थांबली आणि परत गेली. तिने मागितलं नाही याचा मला रागच आला. संध्याकाळी साडेसहापर्यंत ती धागे कापत होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी बसणारीने मला बाजूला घेतलं. "मॅडम, काल तिच्या पोरीचं गॅदरिंग होतं शाळेत. तीन वाजता डान्स होता. पोरगी पहिल्यांदा स्टेजवर. बाकी सगळ्यांचे घरचे आले होते. ही कालपासून रडते."

मी त्या नव्या बाईला लगेच जिन्यात बोलावलं. अपराधी माणूस आधी आवाज चढवतो, तसा मीही चढवला. "मागायचं ना! मी नाही म्हटलं असतं का?"

"दिला असता तुम्ही," ती म्हणाली. "पन मागितला असता तर सगळ्या बोलल्या असत्या, बघा, यासाठीच बोलली. मग माझं बोलनं खोटं झालं असतं. मी खरं बोलले होते, ताई."

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी वेणीचा हिसका आयुष्यभर जपून ठेवला आणि हिने आपला एक खरा शब्द जपायला पोरीचा नाच सोडला. आणि समजा तिने दोन्ही केलं असतं, छानही म्हटलं असतं आणि रजाही मागितली असती, तरी काय बिघडलं असतं? छान म्हटल्याबद्दल थँक्यू म्हणायचं आणि रजेचं रजेसारखं बघायचं. गरजू माणसालाही दुसऱ्याचा चेहरा खरोखर आवडू शकतो, ही साधी गोष्ट मला पन्नाशी उलटून कळली.

पण कळणं वेगळं आणि तोंडातून निघणं वेगळं. "अगं, कसले शोभतात," माझी जीभ सुरू झालीच, "म्हातारी दिसते मी. डॉक्टर नाही म्हणाला म्हणून, नाहीतर..." तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला पुन्हा खोटं पाडत होते, फक्त या वेळी नम्रपणाने. मी वाक्य तिथेच तोडलं. मग "तूसुद्धा छान दिसतेस" असं ओठावर आलं. तेही गिळलं, कारण ती परतफेड झाली असती आणि तिने काही उसनं दिलं नव्हतं. केसांकडे निघालेला हात खाली घेतला. तिच्या डोळ्यांत बघणं सगळ्यात अवघड गेलं.

"थँक्यू," मी म्हणाले. "तू म्हणालीस ते मला आवडलं होतं. काल मी वाईट वागले."

पुढे काही जोडलं नाही. इतकी साधी गोष्ट होती, कालही पाच सेकंदांत झाली असती.

"बरं ताई," ती म्हणाली.

मी विचारलं, "पोरगी काय म्हणाली?"

"काय नाय. विचारत होती, तू पाठी बसली होतीस का, मला दिसली नाहीस. मी हो बोलले."