तुळजाबाईचा शालू

तुळजाबाई विधवा झाली त्याला बरीच वर्षं झाली होती, पण तिची जीभ काही विधवा झाली नव्हती. पोलादपूरच्या डोंगरवाडीत भावकीतला प्रत्येकजण तिला जरा बिचकूनच असे.

मोठ्या दिराच्या मुलीचं, मैनेचं, लग्न ठरलं. वाडीत जरीचा शालू एकच, तुळजाबाईच्या लग्नातला. तो वाडीतल्या दोन नवरीमुलींच्या अंगावर मिरवून आला होता आणि आता पदराला घामाचा वास, काठ काळवंडलेला. त्याच्यासोबत धाकट्या दिराने, दत्तारामाने, मुंबईहून आणलेली टिकल्यांची चोळी होती, तीही आधीच्या नवरीने घामाने खराब केलेली.

मैनेची आई, राहीबाई, चिंचेचा कोळ आणि राख घेऊन बसली. "देव्हाऱ्यातली समई कशी लखलखते चिंचेनं? काठबी तसाच व्हईल."

"समई पितळंची हाय, वयनी," तुळजाबाईने तिला अडवलं. " जरीवरचा मुलामा चिंचेनं उडतो. मग उरंल नुसता पांढरा धागा. सोडाबी नाय चालायचा. मी रिठ्यात धुते."

राहीबाईने तोंड वाकडं केलं. "नवरीच्या कापडाला तुजा हात? लोक काय म्हणतील गो?"

तुळजाबाईला राग आला, आणि खूप आला. "कापड माजं, हात माजा. लोकांना सांग, तुळजीनं धुतलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भर अंगणात परात मांडली, सगळ्यांना दिसावी अशी. रात्रभर भिजलेले रिठे कुस्करले, फेस गाळून गार पाण्यात मिसळला. आधी आतल्या कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून पाहिलं. रंग उतरला नाही. मग शालू पाण्यात सोडून हलकेच दाबला. चोळला नाही, पिळला नाही, भिजतही ठेवला नाही. स्वच्छ पाण्यातून दोनदा काढला, जुन्या लुगड्यात गुंडाळून पाणी टिपलं आणि ओसरीच्या सावलीत पसरला. चोळी मात्र पाण्यात बुडवलीच नाही. सैल टिकल्यांचा दोरा आधी पक्का केला, मग चोळी उलटी करून काखेतलं अस्तर ओल्या फडक्याने टिपलं. राहीबाई दारातून बघत होती, काहीतरी बिघडेल या आशेने.

काठ अगदी नवा झाला नाही. पण मळ गेला आणि पिवळी झळाळी वर आली. एकही टिकली गळाली नाही.

लग्नाच्या दिवशी तुळजाबाईला रीतीप्रमाणे मांडवाच्या मागच्या कडेला उभं केलं. बायका शालूला हात लावून बघत होत्या. "कोणी धुतला गो?" राहीबाई घुटमळली, "घरीच," म्हणाली.

मैना बोलली, "माझ्या काकीनं. तुळजाकाकीनं."

भटजी अंतरपाट धरायला निघाले होते ते थांबले. तुळजाबाई मागच्या कडेवरून सरळ चालत पुढे आली, वाट कोणी अडवली नाही. नवरीच्या निऱ्या जरा सुटल्या होत्या. ती खाली बसली आणि सगळ्या वाडीदेखत एकेक निरी नीट बसवली.

"आता धरा अंतरपाट," ती म्हणाली.