तिसरी कैची

तारोडीतल्या व्हेराचा नवरा गेला, तेव्हापासून त्या जुन्या घरात ती आणि धाकटा दीर गॅब्रियल एवढेच उरले. व्हेरा भाईंदरच्या बाजारात सुकी मासळी विकायची. गॅब्रियल होडीवर जायचा. त्याची जाळी, दोर सगळं माळ्यावर.

१९७२च्या हिवाळ्यात केर काढताना तिला भिंतीकडेला पिवळा भुसा दिसू लागला. झाडला की दुसऱ्या दिवशी परत. तिनं भाईंदरहून महिपत ओव्हरसियरांना बोलावलं.

महिपतांनी शिडीवर चढून छपराचा भार पेलणाऱ्या चारही लाकडी त्रिकोणी कैच्या हातोडीनं ठोकून पाहिल्या. तिसरीच्या भिंतीतल्या टोकाशी आवाज बसका आला. टोच्या लावला, तो मुठीपर्यंत आत गेला.

खाली उतरून त्यांनी पाहणीचा कागद लिहिला आणि वाचून दाखवला. चौथ्या कैचीला भुंगा लागलाय, पण वरवरचा. तासून औषध लावावं. तिसरीचं टोक फुटक्या कौलांच्या पाण्यानं कुजलंय आणि त्या ओलीवर भिंतीतून वाळवी चढलीय.

"भुसा भुंग्याचा, म्हणून तुम्हाला दिसला," ते म्हणाले. "वाळवी वरचा पापुद्रा ठेवते आणि आतलं खाते."

"टोक कापून जोड न्हाय देता येनार?"

"कूज हातभर असेल तर सागाचा जोड बोल्टांनी बसवू. जास्त असेल तर आख्खी कैची बदलायची. कौलं उतरल्याशिवाय कळायचं नाही. तोवर माळा रिकामा करा, तिसरीच्या दोन्ही टोकांखाली टेकूचे धीरे द्या आणि इथं झोपू नका."

गॅब्रियल हसला. "आज्याच्या वक्तापासून उभं हाय, वयनी."

तरी व्हेरानं माळा रिकामा केला आणि शिवा सुताराकडून धीरे लावून घेतले. दोघं स्वयंपाकघरात झोपू लागले.

पुढच्या आठवड्यात ती बाजारातून परतली, तर गॅब्रियल तिसऱ्या कैचीखालच्या खोलीत जाळी पसरून बसला होता. जागा हवी म्हणून त्यानं भिंतीकडचा धीरा काढून ठेवला होता. भिंतीवरून माती सांडत होती. कैचीचं टोक बोटभर खाली आलं होतं.

"गॅब्रियल," ती हळू म्हणाली, "जालं तिथंच टाक. भिंतीला लागून भायेर ये."

त्यानं वर पाहिलं आणि उठला. तो उंबऱ्यापर्यंत पोहोचला असेल, तोच टोक भिंतीतून सुटलं. कौलं जाळ्यावर कोसळली. व्हेरा त्याचा दंड धरून उभी राहिली.

पडलेल्या कैचीची तुळई चिरली तर निम्म्यापर्यंत आत नुसती माती निघाली. जोड देण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नवी सागाची कैची चढली, टोकांभोवती हवेला मोकळी जागा ठेवून. भिंतीत औषध सोडलं, फुटकी कौलं बदलली.

ईस्टरच्या आधी व्हेरा चुलीजवळ बसली होती. गॅब्रियलनं तिला दाराच्या चौकटीकडे नेलं. खालून वर वाळवीच्या मातीची एक बारीक रेघ निघाली होती, अजून ओली.